सातऐवजी पाच

काचेवर टकटक झाली तेव्हा मी माइक बंद करून पाणी पीत होते. बाहेर एक आजोबा उभे होते. हातात पिशवी, श्वास लागलेला.

"ताई, मघाशी तुम्ही सात म्हणालात ना?"

"नाही आजोबा, पाच म्हणाले. फलाट बदलला म्हणून तर सांगितलं."

"अहो, सातही म्हणालात की! मी ऐकलंय."

वाचलेला कागद समोरच पडला होता. "गाडी फलाट क्रमांक सातऐवजी फलाट क्रमांक पाचवर येईल." आजोबांचं बरोबर होतं. सात मी म्हणाले होते, तेही आधी आणि चांगलं ठसठशीत. त्यांची गाडी पाचवरून निघून गेली होती आणि सातवर अजून माणसं रुळांकडे बघत उभी होती.

मी काही वर्षं एका स्थानकावर घोषणा वाचण्याचं काम केलं. त्या दिवसापर्यंत या कामाची माझी कल्पना सोपी होती: मोठ्यानं वाचायचं, सावकाश वाचायचं आणि दोनदा वाचायचं. दोनदा वाचलं की झालं, पहिल्यांदा निसटलं ते दुसऱ्यांदा सापडेल. आजोबांनी दोन्ही वेळा ऐकलं होतं. दोन्ही वेळा त्यांना सातच सापडला होता.

दुसऱ्या दिवशी घोषणा ध्वनिमुद्रित करून घेतली, सहकाऱ्याला ती लावायला बसवलं आणि मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. स्वतःचा आवाज कर्ण्यातून ऐकणं हा अपमान करून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. माझे स्वर येत होते, व्यंजनं वाटेत कुठेतरी गळत होती. "आ…ई, आ…आ, ओ…" असं काहीतरी ऐकू आलं. मधूनच एखादा शब्द अख्खा यायचा आणि त्याच्या आधाराने बाकीचं मी मनात भरून काढायचे. मला ते जमत होतं, कारण घोषणा मीच लिहिली होती.

असं का होतं, हे नंतर समजत गेलं. बोलण्यातला जोर असतो स्वरांमध्ये, आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांवरून. प, ट, त ही व्यंजनं म्हणजे क्षणभराची शांतता आणि मग एक छोटासा फटका; स म्हणजे बारीक फुत्कार. कर्ण्यातून हा फुत्कार बोथट होतो, आणि फटका आधीच्या स्वराच्या घुमण्याखाली दबतो. त्यात कर्णे एकापेक्षा जास्त. आमच्याकडे दोन कर्ण्यांमध्ये साधारण 60 मीटर अंतर होतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एका कर्ण्याखाली उभं राहिलं तर शेजारच्या कर्ण्यातला तोच शब्द 0.18 सेकंद उशिरा पोचतो. बोलण्यातलं एक अक्षर जवळपास तेवढाच वेळ घेतं. म्हणजे जवळचा कर्णा "आठ" म्हणत असताना लांबचा मागचा "सात" संपवत असतो. वर पत्र्याचं छप्पर, ते आपलं वेगळंच घुमतं.

आणि माणूस यावर काय करतो? ओरडतो. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार्द या फ्रेंच वैद्यानं 1911 साली दाखवलं होतं. गंमत अशी की ओरडताना चढतात ते मुख्यतः स्वर. व्यंजनं होती तिथेच राहतात, उलट तुलनेनं आणखी बारीक होतात. मी गाडीच्या खडखडाटावर मात करायला जितकी ओरडत होते, तितका माझा "आ" मोठा आणि "स" छोटा होत होता.

आता मराठी आकडे मोजून बघा. एक, दोन, तीन: तिन्हींचे स्वर वेगळे, ए, ओ, ई. कर्ण्यानं व्यंजनं कितीही खाल्ली तरी हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. मग चार, पाच, सात, आठ. चौघांच्या पोटात एकच "आ". सहाच्या शेवटीही तोच. नऊ आणि शून्य पुन्हा वेगळे, सुखरूप. म्हणजे ज्या माध्यमात फक्त स्वर शिल्लक राहतात, तिथे आपल्या भाषेतले चार आकडे एकाच कोटात फिरतात. त्यातही पाच आणि सात सख्खे भाऊ. पाचमधला च आपण "चमचा"तल्यासारखा दातांना जीभ लावून म्हणतो, "चार"मधल्यासारखा टाळ्याला लावून नाही. त्यामुळे पाचचा शेवट "त्स" होतो आणि सातच्या शेवटाजवळ जाऊन बसतो. सुरुवातीचा प बारीक, स बोथट. उरलं काय, "आत". माझ्या घोषणेत हे दोन भाऊ एकाच वाक्यात, थोड्याच शब्दांच्या अंतराने उभे होते.

वैमानिकांच्या रेडिओवर इंग्रजीत हाच घोळ होता. "फाइव्ह" आणि "नाइन" दोघांचा स्वर एकच, म्हणून तिथे उच्चारच बदलून ठेवले आहेत: पाचला "फाइफ", नऊला "नाइनर", तीनला "ट्री". ते शिकलेल्या लोकांचं शिकलेल्या लोकांशी बोलणं आहे, म्हणून चालतं. फलाटावरच्या माणसाला मी पाचचा नवा उच्चार शिकवू शकत नाही. तो आजच आलाय, पिशव्या सांभाळतोय, आणि गाडी बारा मिनिटांत आहे.

म्हणून मी शब्द तेच ठेवून मांडणी बदलायला घेतली. उदाहरणासाठी गावाचं नाव अमुकपूर धरू. गाडी क्रमांक होता 4758. (हो, चारही आकडे "आ"वाले. ज्यानं हा क्रमांक दिला त्याला कर्ण्याखाली उभं करायला हवं.) जुनी घोषणा अशी होती:

"कृपया लक्ष द्या. गाडी क्रमांक चार हजार सातशे अठ्ठावन्न, अमुकपूरकडे जाणारी गाडी, जी फलाट क्रमांक सातवर येणार होती, ती काही तांत्रिक कारणास्तव आता फलाट क्रमांक सातऐवजी फलाट क्रमांक पाचवर येईल. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आणि मग हेच सगळं पुन्हा एकदा.

इथे पहिला कापला तो सात. या घोषणेत सात दोनदा येतो आणि पाच एकदा. म्हणजे जो आकडा विसरायचा त्याची उजळणी, आणि जो लक्षात ठेवायचा तो शेवटी, क्रियापदाच्या कुशीत. अर्धवट ऐकणाऱ्याला दोन आकडे दिले की तो त्यातला आधीपासून माहीत असलेला निवडतो. तिकिटाच्या वेळी सात ऐकलेलं, फलकावर सात बघितलेलं, आता कर्ण्यातूनही सात. झालं, खात्री पटली. यावर माझ्या वरिष्ठांचा आक्षेप होता: "जुना फलाट सांगितला नाही तर सातवरच्या माणसांना कसं कळणार की हे आपल्यासाठी आहे?" आक्षेप बरोबर होता, पण उत्तर दुसरीकडे होतं. सातवरचा माणूस स्वतःला सातवाला समजत नाही, तो स्वतःला अमुकपूरवाला समजतो. त्याला हाक मारायची ती गावाच्या नावानं. जुना आकडा घोषणेत घालण्याऐवजी तीच घोषणा सातवरच्या कर्ण्यांतून एकदा जास्त वाजवायची.

दुसरी कापली ती माहिती, जी ऐकून कुणी काहीच वेगळं करणार नाही. तांत्रिक कारण ऐकून कोण काय करणार? दिलगिरी मात्र मी शेवटी कुठेतरी ठेवली, कारण ती काढली की पत्रं येतात.

मग आकडे सुटे केले. "चार हजार सातशे अठ्ठावन्न" हे कागदावर शोभतं. आपल्या दोन अंकी संख्यांची रचना अशी की एकक आधी आणि दशक मागून, तेही वितळून एक झालेले. अठ्ठावन्न, अठ्ठेचाळीस, अठ्ठावीस यांची सुरुवात सारखी; एकोणतीस आणि एकोणचाळीस यांची सुरुवातही सारखी आणि शेवटही सारखाच. जिथे फरक आहे तो मधल्या एखाद्या अक्षरात, आणि नेमकं तेच घुमण्यात जातं. सुटा आकडा म्हटला की ऐकणाऱ्यासमोर फक्त दहा पर्याय उरतात, आणि कानाला हे फार मदतीचं असतं. मिलर, हाइस आणि लिक्टन या तिघांनी 1951 साली यावर प्रयोग केले होते. गोंगाट तोच, आवाज तेवढाच. पण पुढचा शब्द मोजक्या शब्दांपैकी एक असणार हे ठाऊक असलं तर लोक कितीतरी जास्त गोंगाटातही तो ओळखत. सुटे आकडे तर जिथे निरर्थक अक्षरं अजिबात कळत नव्हती तिथेही कळत होते. म्हणून आकड्याआधी "फलाट" हा शब्द यायलाच हवा. तो स्वतः काही सांगत नाही, पण कानाला सांगतो की आता आकडा येतोय, एक ते आठपैकी.

"फलाट क्रमांक पाचवर" मधला "क्रमांक" मात्र मी उडवला. त्यातला लांबलेला "आं" बरोबर पुढच्या आकड्यावर घुमतो. "फलाट" संपतो ट वर, पटकन, आणि पुढच्या प साठी थोडी शांतता ठेवतो. आणि "वर"? आकड्याला चिकटलेला प्रत्यय आकड्याचा शेवट खातो. पाचवर, पाचवरून, पाचला. छापील मराठीला प्रत्ययाशिवाय चैन पडत नाही, पण कर्ण्यातल्या मराठीत महत्त्वाचा शब्द निदान एकदा तरी उघडा, एकटा, पुढे मोकळी जागा ठेवून यायला हवा. "फलाट पाच." पूर्णविराम. एक श्वास.

एवढं सगळं करूनही पाच-सातचा प्रश्न पुरता सुटला नाही. आम्ही चौघं चार जागी वही घेऊन उभे राहिलो, ऐकलं ते लिहिलं, नंतर वह्या जुळवल्या. पादचारी पुलाखाली उभ्या असलेल्या पोराच्या वहीत तीनही वेळा सात. मी तीनदा पाच म्हणाले होते, त्यानं तीनदा सात लिहिला होता, आणि तिसऱ्यांदा तर खाली रेघही मारली होती.

त्या रेघेमुळे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फलाटावर गोंगाट दोन जातींचा असतो. एक येतो आणि जातो: शिट्टी, ढकलगाडी, रडणारं मूल, शेजारच्या रुळावरून निघालेली गाडी. तो जेव्हा असतो तेव्हा सगळंच गिळतो, नसतो तेव्हा नसतो. यावर तोच शब्द पुन्हा म्हणणं हे औषध आहे, फक्त दोन वेळांमधलं अंतर गोंगाटापेक्षा मोठं हवं. शिट्टी दोन-तीन सेकंदांची, म्हणून एकाच घोषणेत पाच दोनदा-तीनदा आला की शिट्टीतून एखादा तरी वाचतो. गाडी मात्र फलाटात शिरून थांबेपर्यंत अर्धा मिनिट खडखडते. तिच्याखाली वीस सेकंदांची अख्खी घोषणा जाते आणि लगेच केलेली पुनरुक्तीही तिच्याच पोटात जाते. म्हणून पूर्ण घोषणा पुन्हा वाचायची ती खडखडाट थांबल्यावर, खिडकीतून बघून. घड्याळ लावून नव्हे.

दुसऱ्या जातीचा गोंगाट कधी जातच नाही. कर्ण्याचा बोथटपणा, छपराचं घुमणं, पुलाखालची ती जागा. ही जागा पाचचा सात करते आणि दर वेळी सारखाच करते. तिथे तोच शब्द तीनदा म्हटला तर तीच चूक तीनदा होते, आणि ऐकणाऱ्याची खात्री वाढते. खाली रेघ मारण्याइतकी. अशा जागी पुनरुक्ती हवी, पण वेगळ्या कपड्यांत. तीच गोष्ट अशा दुसऱ्या शब्दांत, ज्यांचे स्वर वेगळे आहेत, ज्यांचा ढाचा वेगळा आहे. पाच हा आकडा पुलाखाली मरत असेल तर "पुलावरून डावीकडचा दुसरा जिना" हे तिथे मरत नाही. ते लांब आहे, त्यात सगळे स्वर आहेत, थोडं गळलं तरी उरलेल्यातून कळतं. आणि सातचा जिना उजवीकडे होता. एका माणसाला आकडा कळेल, दुसऱ्याला जिना. ज्याला सात आणि डावा जिना असं दोन्ही ऐकू येईल तो गोंधळेल आणि शेजाऱ्याला विचारेल. गोंधळून विचारणारा माणूस मला परवडतो. खात्रीनं चुकीच्या फलाटावर उभा राहणारा परवडत नाही.

शेवटी, टोकाची दिलगिरी सोडून, घोषणा अशी झाली:

"कृपया लक्ष द्या. कृपया लक्ष द्या.
अमुकपूरला जाणाऱ्या प्रवाशांसाठी. अमुकपूर.
गाडी क्रमांक चार, सात, पाच, आठ.
या गाडीचा फलाट बदलला आहे.
अमुकपूरची गाडी येईल फलाट पाच वर. फलाट पाच.
पुलावरून डावीकडचा दुसरा जिना.
अमुकपूर. फलाट पाच."

सुरुवातीचं "कृपया लक्ष द्या" दोनदा आहे ते सौजन्य म्हणून नाही. पहिले दोन-तीन शब्द कुणाच्याच कानात जात नाहीत. माणूस बोलणं थांबवतो, मान वळवतो, तोवर ते गेलेले असतात. म्हणून तिथे असं काहीतरी ठेवायचं जे गेलं तरी चालेल. गावाचं नाव फलाटाच्या आधी, कारण ज्याचा संबंध नाही त्याला पुढचं ऐकायची गरज नाही, आणि ज्याचा आहे त्याचे कान आकडा यायच्या आत टवकारलेले हवेत. "येईल फलाट पाच वर" ही उलटी रचना मला पहिले काही दिवस खटकली. क्रियापद शेवटी नसलं की मराठी वाक्य चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. पण आकड्यामागे लगेच क्रियापद आलं की आकडा त्याच्या कुशीत दबायचा, आणि आकड्यापुढे मोकळी जागा ही गरज होती.

गाडी क्रमांक मात्र एकदाच. वरिष्ठांना तोही तीनदा हवा होता. पण त्या तासात अमुकपूरला दुसरी गाडीच नव्हती, मग त्या चार "आ"चा उपयोग कुणाला? दोन गाड्या एकाच गावाला असतात तेव्हा क्रमांक महत्त्वाचा होतो, तेव्हा तो दोनदा आणि गाव एकदा कमी. सगळंच तीनदा म्हटलं तर घोषणा मिनिटभराची होते, आणि त्या मिनिटात कुठलं वाक्य आपल्या कामाचं होतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. गावांच्या नावांतही पाच-सातसारख्या जोड्या असतात, अमुकपूर आणि तमुकपूर. शेवट तोच, सुरुवातीचं एक व्यंजन वेगळं. अशी जोडी एकाच वेळी फलाटावर असली की नावाबरोबर पुढच्या मोठ्या स्थानकाचं नाव जोडायचो: अमुकपूर, अमक्या मार्गे. तोही दुसरा कपडाच.

वेळ सांगताना तर मी एका सुंदर मराठी शब्दाला माइकसमोर बंदी घातली: पावणे. सव्वाआठमधला "सव्वा" गळला तर माणूस आठला येतो, पाव तास बसून राहतो. साडेआठमधला "साडे" गळला तर अर्धा तास. बिचारा कंटाळतो, पण गाडी मिळते. पावणेनऊमधला "पावणे" गळला की ऐकू येतो फक्त नऊ, आणि तो नऊला येतो तेव्हा गाडी जाऊन पाव तास झालेला असतो. एकच शब्द असा, जो हरवला तर माणसाला उशीर होतो. म्हणून आठ वाजून पंचेचाळीस. लगेच सुटे करून, आठ, चार, पाच.

नकाराचंही तसंच. "अमुकपूरची गाडी आज येणार नाही" आणि "अमुकपूरची गाडी आज येणार आहे" यांत फरक एका शब्दाचा, आणि तो शब्द वाक्याच्या अगदी टोकाला, जिथे आवाज उतरलेला असतो. ऐकणाऱ्याला जे हवं असतं तेच तो तिथे भरून घेतो, आणि त्याला गाडी हवी असते. यासाठी मी "नाही" पूर्णच सोडलं आणि "रद्द" धरलं. छोटा शब्द, मध्ये जोडाक्षराचा दणका, आणि दुसऱ्या कशासारखाही न ऐकू येणारा. तो वाक्याच्या सुरुवातीला.

पहिल्यांदा तो वाचायची वेळ आली ती एका पावसाळी संध्याकाळी, छपरावर असा मार चालू असताना की मला माझाच आवाज कानातल्या यंत्रातून ऐकावा लागत होता. ओरडायचं नाही हे स्वतःला बजावलं. माइकपासून वीतभर लांब बसले. "कृपया लक्ष द्या. कृपया लक्ष द्या. अमुकपूर. रद्द आहे अमुकपूरची गाडी." मग थांबले. काचेतून समोरचा फलाट दिसत होता; बाकावरच्या बाईनं डब्याचं झाकण अर्धं लावलं होतं आणि हात तसाच ठेवून ती वर, कर्ण्याकडे बघत होती. "रद्द," मी पुन्हा म्हणाले. तिनं झाकण लावलं, डबा पिशवीत टाकला आणि उठली.